अनुभव धागा: व्हिडिओखाली घातलेल्या जुन्या तबकडीची खरखर कशी कमी करता?

वाईकर

७८ फेऱ्यांच्या तबकडीवरचं गाणं व्हिडिओखाली घालायचं काम ज्यांनी केलं आहे, त्यांनी आपापली पद्धत इथे लिहावी ही विनंती. कोणता आकडा ठेवलात आणि का, हे लिहिलंत तर जास्त उपयोग होईल.

चर्चेसाठी समोर ठेवलेलं उदाहरण असं: १० इंची लाखेची तबकडी, १९३०च्या दशकातलं नाट्यपद, एक बाजू सव्वातीन मिनिटांची. साथीला ऑर्गन, सारंगी आणि तबला. व्हिडिओ सहा मिनिटांचा, जुन्या वाड्याच्या फोटोंचा. गाणं निवेदनाखाली हळू आणि फोटोंवर पूर्ण आवाजात हवं आहे. त्रास तीन प्रकारचे आहेत: सुटे मोठे 'टक', सलग बारीक चरचर, आणि सगळ्याखाली पसरलेली खरखर. तिन्ही एकदम काढायला गेलं की तबल्याची चाट बोथट होते आणि गायकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो.

कानसेन

निम्मं काम संगणकापर्यंत पोचण्याआधीच होतं, म्हणून सुईपासून सुरुवात करतो. एलपीची सुई लाखेच्या तबकडीवर चालवू नका. ७८ची खाच रुंद असते, तिला साधारण ३ मिलची सुई लागते. एलपीची सुई त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी किंवा त्याहून बारीक, त्यामुळे ती खाचेच्या भिंतींवर न टेकता तळाशी घासत जाते. धूळ आणि जुन्या पोलादी पिनांनी खरवडलेला चुरा नेमका तळाशीच बसलेला असतो. केवळ सुई बदलून जेवढी खरखर जाते, तेवढी नंतर कोणत्याही फिल्टरने गाणं न दुखवता जात नाही.

रेकॉर्डिंग स्टिरिओत, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर घ्या. तबकडी मोनो असली तरी स्टिरिओ घ्यायचं, कारण गाणं फक्त आडव्या हालचालीत कोरलेलं असतं आणि कचरा सुईला वर-खालीही उडवतो. दोन्ही चॅनल समान मिसळले की वर-खालीचा बराचसा गोंगाट आपसांत कटतो. मिसळल्यावर गायकाचाच आवाज पातळ झाला किंवा गायब झाला, तर कार्ट्रिजच्या एका बाजूच्या तारा उलट्या लागल्या आहेत असं समजा. एकेक चॅनल वेगळा ऐकून पाहायलाही विसरू नका. खाचेची एकच भिंत झिजलेली असेल, तर मिश्रणापेक्षा चांगली भिंत एकटीच जास्त स्वच्छ वाजते.

पुढचा क्रम: आधी 'टक', मग चरचर, मग खरखर, आणि टोन सगळ्यात शेवटी.

चिंचपोकळी

एवढं करायची गरजच नाही. या तबकड्यांत चार हजार हर्ट्झच्या वर काहीच नसतं. तिथे लो-पास लावला की खरखर निम्मी होते, मग उरलेले 'टक' काढायचे. आणि त्याआधी तबकडी सर्जिकल स्पिरिटने पुसून घ्यायची, लख्ख होते.

कानसेन

स्पिरिट अजिबात नको! लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फर्निचरचं पॉलिश करणारे तेच तर करतात. एका पुसण्यात खाचांच्या कडा जातात आणि गाणं कायमचं गेलं. डिस्टिल्ड पाण्याच्या लिटरला भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने फिरवायचा, लेबल कोरडं ठेवायचं, साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसायचं आणि उभी ठेवून वाळवायची.

लो-पासचं तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. १९२५च्या आधी भोंग्यातून केलेल्या ध्वनिमुद्रणात वरचा भाग खरोखरच नसतो. पण १९३०च्या दशकात मायक्रोफोन आला होता. तेव्हाच्या तबकडीत पाच-सहा हजारांपर्यंत बरंच काही सापडतं: 'स', 'च', 'छ' ही व्यंजनं, चाटेची धार, सारंगीच्या गजाचा घास. लो-पास लावायचाच तर सात-आठ हजारांवर, सौम्य उताराचा आणि शेवटी. आधी लावलात तर 'टक'ची धार जाते आणि तो पसरून 'थप' होतो. क्लिक शोधणारा फिल्टर ती धारच शोधत असतो. धार गेली की त्याला काही सापडत नाही.

पायपेटी

'टक' कसे काढायचे ते Audacityपुरतं लिहिते. Click Removal मध्ये दोनच आकडे आहेत. Threshold मुळात २०० असतो आणि तो जितका कमी कराल तितका फिल्टर जास्त संशयी होतो. Max Spike Width मुळात २० असते. मूळ आकड्यांनी एकदा चालवा आणि काय काढलं गेलं ते ऐका. मूळ ट्रॅकची प्रत ठेवायची, साफ केलेल्यावर Invert लावायचं आणि दोन्ही एकत्र मिसळायचे. उरतं ते फक्त काढलेलं. त्यात नुसती टकटक आली तर ठीक. त्यातून तबल्याचा ठेका ओळखू यायला लागला, तर फिल्टर चाटेचे 'ना' आणि 'तिं' खातो आहे. मग Threshold वाढवायचा.

या पदात ठेका ऐकू यायला लागतो तो द्रुत लयीच्या भागात. म्हणून अख्ख्या गाण्याला एकच आकडा लावू नये. सुरुवातीच्या ऑर्गनच्या सुरांवर कडक सेटिंग चालतं, कारण तिथे अचानक उसळणारं काही नाही. तबला आला की ढिलं करायचं आणि उरलेले मोठे 'टक' हाताने Repair ने काढायचे. Repair एका वेळी १२८ नमुन्यांपर्यंतच चालतं, म्हणजे ९६ किलोहर्ट्झवर जेमतेम १.३ मिलिसेकंद. त्याहून लांब ओरखडा असेल तर ते नकार देतं.

कानसेन, एक मतभेद. मी 'टक' आधी स्टिरिओतच काढते, मग मोनो करते. बरेच 'टक' एकाच भिंतीत असतात. मिसळल्यावर ते निम्मे होऊन संगीतात बुडतात आणि शोधायला अवघड जातात.

कानसेन

मी उलट करतो. स्टिरिओत दोन चॅनलची दुरुस्ती वेगवेगळी होते आणि मिसळताना ती कधीकधी नीट जुळत नाही, सुरावर हलकी धूळ बसल्यासारखं वाटतं. पण खूप ओरखडलेल्या तबकडीवर तुमची पद्धत सरस ठरू शकते. दोन्ही करून ऐकावं.

खरखरीचा मुद्दा. Noise Reduction ला नमुना द्यायचा तो गाणं सुरू होण्याआधीच्या रिकाम्या खाचांतला, 'टक' काढून झाल्यावर. नमुन्यात एकही 'टक' राहिला तरी फिल्टर त्यालाच खरखर समजतो. आणि नमुना पूर्ण फेऱ्यांचा घ्या. ७८ फेऱ्यांना एक फेरी ०.७७ सेकंदाची. जुन्या तबकडीची खरखर फेरीगणिक वर-खाली होते, लाटेसारखी. अर्ध्या सेकंदाचा नमुना घेतला तर लाटेची एकच बाजू मिळते आणि साफ केलेल्या गाण्यात दर पाऊण सेकंदाला 'हुश्श' उरतं. तीन फेऱ्या, म्हणजे २.३ सेकंद, पुरेत.

कपात ६ डेसिबल. १८ ठेवलात तर विहिरीतला आवाज आलाच. त्याच खिडकीत Residue निवडून ऐका. गायकाचे शब्द कळायला लागले की मागे या.

न्यू जर्सीकर

माझ्याकडे तबकडी नाही, इंटरनेटवरून उतरवलेली त्याच प्रकारच्या पदाची एमपी३ आहे. वरचं सगळं करून पाहिलं, 'टक' हलतच नाहीत. शिवाय खाली सलग गुणगुण आहे.

पायपेटी

एमपी३ करताना प्रत्येक 'टक'च्या मागेपुढे थोडा गोंगाट पसरतो. फिल्टर मधला सुळका काढतो, पण कडेची धूळ राहते, म्हणून काही झालंच नाही असं वाटतं. तिथे हाताने थोडे मोठे तुकडे दुरुस्त करण्यापलीकडे फारसं होत नाही. त्याच फाइलची wav किंवा flac मिळते का ते आधी बघा. गुणगुण विजेची आहे. भारतात उतरवलेली असेल तर ५० हर्ट्झ आणि तिच्या पटीत, तुमच्याकडची असेल तर ६०. स्पेक्ट्रम बघून मगच अरुंद नॉच लावा.

मधली_आळी

म्हणजे खरखर काढल्यावर व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा येत नाही, असंच ना?

वाईकर

नाही, त्याचा साफ करण्याशी संबंध नाही. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, पण शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. त्यावर स्वतंत्र धागा काढावा.

टाइमलाइन

ज्यांना एका ओळीत पहिला हात फिरवायचा आहे त्यांच्यासाठी:

```
ffmpeg -i tabakdi.wav -af "pan=mono|c0=0.5*c0+0.5*c1,adeclick=t=3,afftdn=nr=6:nf=-35:nt=s" -ar 48000 -c:a pcm_s24le saaf.wav
```

nt=s म्हणजे लाखेच्या तबकडीची खरखर. nf मुळात -50 असतो. तबकडीची खरखर त्याहून बरीच मोठी असल्याने मूळ आकड्यावर काही फरक पडला नाही असं वाटतं. afftdn मध्ये om=n जोडलं की फक्त काढलेला गोंगाट ऐकू येतो. adeclick चा t तबला बघून ठरवा, कमी केला की जास्त काढतो.

आता व्हिडिओची बाजू, कारण बरेचदा साफ केलेलं गाणं एडिटरमध्ये गेल्यावर पुन्हा खरखरतं. कारण असतं मास्टरवर लावलेला कंप्रेसर किंवा आपोआप आवाज सारखा करणारा पर्याय. गाण्यातल्या दोन ओळींमधल्या शांत जागा तो वर ओढतो आणि तुम्ही ६ डेसिबल खाली नेलेली खरखर परत जागेवर आणतो. गाण्याच्या ट्रॅकवर काही लावू नका. निवेदनाला जे लावायचं ते त्याच्याच ट्रॅकवर.

निवेदनाखाली गाणं १६ ते १८ डेसिबल खाली ठेवलं तर उरलेली खरखर आवाजाखाली झाकली जाते, तिच्यावर मेहनत नको. तिथे टोचतात ते फक्त 'टक', कारण ते निवेदकाच्या श्वासाच्या जागेत येतात. दुसरी जागा म्हणजे गाण्याची सुरुवात. खरखर शांततेतून एकदम सुरू झाली की प्रेक्षक दचकतो. पहिल्या सुराच्या दीड सेकंद आधीच्या रिकाम्या खाचा ठेवा, त्या आधीच्या फोटोवरच हळू वर आणा, आणि शेवटीही सुरासोबत न कापता दोन सेकंदांत विरू द्या.

चिंचपोकळी

स्पिरिटचं लक्षात ठेवतो. पण वाड्याचे जुने फोटो आणि एकदम स्वच्छ आवाज हेही जुळत नाही, असं माझं मत आहे. थोडी चरचर असू द्यावी.

वाईकर

वरच्या क्रमाने आज केलं. Threshold ऑर्गनवर १५०, तबल्यापासून ३००. खरखर ६ डेसिबल, लो-पास आठ हजारांवर. फोटोंवर चरचर हलकी ऐकू येते, ती तशीच ठेवली. १ मिनिट ४० सेकंदांवर एक भेग आहे. तिथे सहा फेऱ्या, दर पाऊण सेकंदाला 'थड' येतो आणि तो Repair च्या मर्यादेबाहेर आहे. त्यातले चार 'थड' धृपदाच्या ओळीवर पडतात. तीच ओळ पुढे पुन्हा येते, तिथले तुकडे उचलून १० मिलिसेकंदांच्या क्रॉसफेडने बसवले. लय किंचित वेगळी असल्याने तुकडा ओळीच्या सुरुवातीपासून न मोजता चाटेच्या ठोक्याला धरून लावावा लागला. उरलेले दोन तानेवर आहेत आणि ती तान पुन्हा येत नाही. अशा जागी कोणी काय करता?

पायपेटी

तिथे 'थड'चा फक्त खालचा भाग काढा. तेवढ्या ५० मिलिसेकंदांवर १५० हर्ट्झचा हाय-पास लावा. तानेत त्या खाली फारसं काही नसतं. भेगेचा टोकदार 'टक' त्याआधी वेगळा काढून घ्या.