मदत हवी आहे: पाणी उकळूनही साबणाला फेस येत नाही, उत्तरसंच चुकलाय की आमचं गणित?

रेवाची_आई
लेक अकरावीत आहे. रसायनशास्त्राच्या उत्तरसंचात लिहिलंय की उकळल्यावर पाण्याचा तात्पुरता कठीणपणा जातो, आणि पुढे विचारलंय की तुमच्या पाण्यात तात्पुरता किती, कायमचा किती? तिने घरीच करून पाहिलं. अंगाच्या साबणाचा कीस पावसाच्या पाण्यात विरघळवला. 10 मिली पाणी बुचाच्या बाटलीत घेऊन त्यात हे द्रावण थेंबथेंब टाकत, हलवत गेली, फेस टिकेपर्यंत. बोअरच्या पाण्याला 14 थेंब लागले, उकळून गाळलेल्याला 11, पावसाच्या पाण्याला 2. तिच्या हिशेबाने 11 भागिले 14, म्हणजे 79 टक्के कायमचा कठीणपणा. उत्तरसंचाच्या नमुन्यात मात्र निम्माच आहे. धाकट्याने तेच भांडी घासायच्या लिक्विडने केलं, तर तिन्ही पाण्यांना सारखेच थेंब लागले! आता दोघं भांडतायत.

माळरान
ताई, उकळायला वेळ कमी पडला असणार. चांगलं 20 मिनिटं उकळा, खाली बसलेला पांढरा थर गाळून टाका. तरी उरलं तर तुरटी फिरवा.

प्रयोगवही
थर गाळायचं बरोबर आहे, नाहीतर तो पुन्हा साबण खातो. पण तुरटीने फक्त गढूळपणा खाली बसतो. विरघळलेलं कॅल्शियम तिला दाद देत नाही.
ताई, आधी एक सांगा, किती पाणी उकळायला ठेवलं होतं आणि उरलं किती?

रेवाची_आई
200 मिली ठेवलं होतं. नंतर मोजलं तर 150 भरलं.

प्रयोगवही
मग चूक सापडली, आणि ती एक नाही, दोन आहेत.
पावसाच्या पाण्यालाही 2 थेंब लागले. ते कठीणपणाचे नाहीत, नुसता फेस व्हायला लागणारच. म्हणून ते सगळीकडून वजा करायचे. बोअरचे राहिले 12, उकळलेल्याचे 9.
दुसरी चूक वाफेची. पाणी उडालं, पण कॅल्शियम-मॅग्नेशियमची सल्फेट आणि क्लोराइड उडत नाहीत, ती उरलेल्या 150 मिलीतच दाटली. म्हणून 9 ला 150 ने गुणून 200 ने भागायचं, येतात पावणेसात. पावणेसात भागिले 12, म्हणजे साधारण 56 टक्के कायमचा आणि 44 टक्के तात्पुरता.
माझ्यावर विश्वास ठेवू नका, तिला पडताळू द्या. उकळलेल्या पाण्यात पावसाचं पाणी घालून ते परत 200 मिली करा आणि थेंब मोजा. पावणेसात आणि 2, म्हणजे 9 च्या आसपास यायला हवेत. थेंब मोजण्यात एखादा इकडेतिकडे होतोच, त्यामुळे टक्के अंदाजेच धरा.

गच्चीवरचा
आमच्या गिझरच्या दांडीवर दर वर्षी पांढरा चुना चढतो. आरओ बसवू का?

प्रयोगवही
दादा, तो थर म्हणजे रेवाने गाळून टाकलेला तोच पदार्थ. आरओ पिण्यापुरता असतो. अंघोळीच्या पाण्यासाठी रेझिनचा सॉफ्टनर लागतो. त्यातलं सोडियम संपलं की मिठाच्या पाण्याने तो पुन्हा भरून घ्यायचा. पण वेगळा धागा काढा, इथे मुलांचं राहून जाईल.

धाकट्याचा प्रयोग चुकलेला नाही. साबण कॅल्शियमशी जुळला की न विरघळणारा साका होतो, बादलीच्या कडेला चिकटतो तो. सगळं कॅल्शियम असं अडकेपर्यंत फेसाला साबण उरतच नाही. डिटर्जंटचं कॅल्शियमबरोबरचं लवण पाण्यात विरघळलेलंच राहतं, म्हणून त्याला फरक पडला नाही. मात्र याच कारणाने त्याने कठीणपणा मोजता येत नाही. ताई, हे त्याच्याच शब्दांत उत्तरात लिहू द्या.

मिठागर
मी याच पाठाच्या शिकवण्या घेते. Mg(HCO3)2 उकळल्यावर काय होतं, संचात काय दिलंय? आमच्याकडे मुलं MgCO3 लिहितात.

रेवाची_आई
MgCO3 च आहे.

प्रयोगवही
एनसीईआरटीच्या अकरावीच्या जुन्या पुस्तकात Mg(OH)2 होतं, कारण ते MgCO3 पेक्षा कमी विरघळतं. मी तेच लिहायला सांगेन.

मिठागर
पटतंय, पण तपासणारा संच समोर ठेवून गुण कापतो. मी मुलांना Mg(OH)2 लिहून कारणाची एक ओळ जोडायला सांगते. तरी दोनदा गुण गेलेत.

रेवाची_आई
आत्ता करून पाहिलं. 200 मिली करून थेंब मोजले, नवव्या थेंबाला फेस टिकला. रेवाने पुन्हा एकदा केलं, तेव्हा दहाव्याला. मग तिने त्या पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा टाकला तर ते दुधासारखं झालं. हे गाळून थेंब मोजायचे का?

प्रयोगवही
हो, पण रात्रभर निवळू द्या. कण फार बारीक असतात, लगेच गाळलं तर गाळणीतून निघून येतील. उरलेला कायमचा कठीणपणाच खाली बसतोय तो. सकाळी किती थेंब लागले ते इथे लिहा.