डायमंड की सरळ चौघं? मिडफिल्डसाठी सल्ला हवाय

रंकाळा_८
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात सतरा ते वीस वयाच्या पोरांची टीम बघतो. पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे. आत्तापर्यंत ४-४-२ खेळलो, मिडफिल्डला सरळ चौघं. पण आमच्याकडं एक पोरगा आहे, दोन लायनींच्या मधे बॉल घेऊन वळतो ते बघण्यासारखं असतं, आणि तो राईट मिडफिल्डला उभा राहून वाया चाललाय. त्याला दहा नंबरला ठेवून डायमंड खेळावं असं डोक्यात आहे.
बाकी माहिती: खाली बसून बॉल काढणारा एक चांगला आहे, धावपळ करणारे दोघं आहेत. राईट बॅक दमदार. लेफ्ट बॅक हळू. लेफ्ट विंगला एक फास्ट पोरगा आहे. ग्राउंड नेहमीपेक्षा अरुंद आहे. आठवड्याला दोनच प्रॅक्टिस मिळतात, तिसरी होणार नाही, आणि नवीन खेळाडू घेता येणार नाही. यात बसेल असं सांगा.

मिलानवेडा
डायमंडच! आन्चेलोत्तीचं मिलान आठवा, खाली पिर्लो, उजवीकडं गातुसो, डावीकडं सीडॉर्फ, टोकाला काका, पुढं शेवचेन्को आणि क्रेस्पो. समोरच्या टीमचे मधले दोघं आणि आपले चौघं, मग बॉल कोणाकडं राहणार? तुमच्याकडं दहा नंबर आहे म्हणजे निम्मं काम झालंय. फक्त एक चांगला लेफ्ट बॅक शोधा, तेवढं केलंत की झालं.

रंकाळा_८
नवीन खेळाडू नाही म्हटलंय ना दादा.

ठाण्याचा_स्टॉपर
मिलानचंच उदाहरण द्यायचं तर इस्तंबूल २००५ पण सांगा की. ३-० पुढं असताना डायमंडला तीन गोल खाल्ले ते सहा मिनिटांत. सरळ चौघांनी डायमंडला धुतलं. मी स्वतः स्टॉपर खेळलोय, डायमंडमधे फुलबॅकला कोणी वाली नसतो, समोरचा विंगर आणि त्याचा फुलबॅक दोघं मिळून येतात आणि आपण एकटे. ४-४-२ सोडू नका.

गोलकीपर_वेंगुर्ला
फ्लॅट फोर म्हणजे मागची लाईन सरळ ठेवायची ना? तर त्यात ऑफसाईडचा फायदा आहे पण कीपरला बाहेर यावं लागतं. आमचा एक स्टॉपर कायम दोन पावलं मागं राहायचा आणि समोरचा फॉरवर्ड ऑनसाईड व्हायचा, तीन मॅच त्याच्यामुळं गेल्या.

रंकाळा_८
नाही हो, मिडफिल्डच्या चौघांबद्दल विचारतोय.

गोलकीपर_वेंगुर्ला
अच्छा. तरी मागची लाईन सरळ ठेवाच.

खडकी_कोच
इस्तंबूलचं नीट सांगायला पाहिजे, कारण लोक तेच उदाहरण उलटं वापरतात. पहिल्या हाफमधे मिलानचा डायमंड होता आणि लिव्हरपूल जवळपास ४-४-१-१, मधे अलोन्सो आणि जेरार्ड दोघंच, पुढं केवेल आणि बारोस. म्हणजे तुमचा प्रश्न जसाच्या तसा मैदानावर उभा होता, आणि स्कोअर ३-० मिलान. तिसरा गोल परत बघा. काका दोघांच्या मागच्या मोकळ्या जागेत बॉल घेतो, जेरार्डला मागं टाकून वळतो, आणि क्रेस्पोसाठी स्टॉपरच्या मधून लांब पास टाकतो. सरळ चौघांची अडचण तिथं दिसते. काकाला कोण धरणार? मधला एक मागं गेला तर दुसरा एकटा पडतो, स्टॉपर पुढं आला तर त्याच्या मागं भोक पडतं. दोन्ही वाईट.

हाफटाइमला बेनिटेझनं काय केलं? फिनानला काढून हामानला आणलं, मागं तिघं केले, मधे हामान आणि अलोन्सो काकाच्या जागेत बसले, जेरार्ड पुढं सुटला. म्हणजे लिव्हरपूलनं सरळ चौघं सोडले तेव्हा कमबॅक झाला, त्यांच्यामुळं नाही. पण ठाणेकर अर्धे बरोबर आहेत: पहिला गोल कुठून आला? डावीकडून रीसेनं क्रॉस टाकला, पहिला अडवला गेला, बॉल परत त्याच्याकडंच आला आणि दुसरा पोचला, जेरार्डचा हेडर. बाजूनं दुसऱ्यांदा बॉल टाकायला मोकळीक मिळणं हे डायमंडचं नेहमीचं दुखणं आहे.

ठाण्याचा_स्टॉपर
हेच तर म्हणत होतो, बाजूनं गोल येतो.

मिलानवेडा
आणि २००७ ला अथेन्समधे मिलाननं त्याच लिव्हरपूलला २-१ हरवलंच की, विसरू नका.

खडकी_कोच
तेव्हा डायमंड नव्हता. पुढं इंझागी एकटा, मागं काका आणि सीडॉर्फ, त्यांच्या मागं तिघं. आन्चेलोत्तीनं एक फॉरवर्ड काढला होता.

वास्को_सहा
गणित करून बघा मंडळी. ग्राउंड ६८ मीटर रुंद धरा. सरळ चौघांत प्रत्येकाला १७ मीटर. डायमंडमधे टोकाचा पोरगा धरायचा नाही, उरले तिघं, प्रत्येकाला जवळपास २३ मीटर. दोघं धावपळ करणारे सत्तराव्या मिनिटाला बसतात रे, आमच्याकडे हेच झालं, शेवटची वीस मिनिटं नुसते क्रॉस खात होतो.

खडकी_कोच
गणित दिशेला बरोबर आहे पण कोणीच पूर्ण रुंदी धरून उभं राहत नाही. बॉल डावीकडं असला की सगळी टीम डावीकडं सरकते, लांबचा विंगर मोकळा सोडलेलाच असतो. खरा प्रश्न बॉल एका बाजूनं दुसऱ्या बाजूला किती लवकर जातो हा आहे. समोरच्या टीममधे चाळीस मीटर पास नीट मारणारा असेल तर डायमंड फाटतो, नसेल तर समोरच्याला बाजू बदलायला दोन-तीन पास लागतात आणि तेवढ्यात तुमचा पोरगा पोचतो. आणि रंकाळा म्हणतात ग्राउंड अरुंद आहे, म्हणजे तो पल्ला कमीच. हे त्यांच्या बाजूनं जातं.

डायमंड खेळायचाच असेल तर बाजूच्या दोघांना पळवण्याआधी पुढच्या दोघांना शिकवा. समोरच्या स्टॉपरकडं बॉल असताना तुमचे दोन फॉरवर्ड मधे चिकटून उभे राहिले तर त्यांचे दोन्ही फुलबॅक मोकळे. त्यांनी फाकून उभं राहायचं, स्टॉपर आणि फुलबॅक यांच्या मधल्या रेषेत, आणि दहा नंबरनं त्यांच्या खालच्या मिडफिल्डरला धरायचं. मग बॉल एकाच बाजूला जातो, तिथं तुमचा फॉरवर्ड, बाजूचा पोरगा आणि फुलबॅक मिळून साइडलाइनशी कोंडतात. तुमचा दहा नंबर बॉल नसताना चालत असेल तर डायमंड काढू नका, एवढं स्पष्ट सांगतो.

बिघडलंय हे कसं कळणार तेही सांगतो. त्यांचा फुलबॅक हाफ लाईनवर बॉल थांबवून मान वर करून बघतोय आणि त्याच्या दहा पावलांत तुमचं कोणी नाही, हे दोन-तीनदा लागोपाठ झालं तर पुढच्यांचं काम होत नाहीये. बाजूचे पोरगे आपल्या गोलकडं तोंड करून पळताना दिसले तर उशीर झालाय. सरळ चौघांत खूण वेगळी असते, तुमचे मधले दोघं एकमेकांकडं हात करून 'तू धर, तू धर' ओरडायला लागतात.

नागपूर_फुटबॉल
आमच्या कॉलेजला डायमंड लावला होता, प्रॅक्टिसला अप्रतिम, मॅचला बेकार. दोन प्रॅक्टिसमधे होत नाही हो, कमीत कमी पाच दिवस पाहिजेत आठवड्याचे. तुम्ही पोरांना सकाळी बोलवा ना.

रंकाळा_८
सकाळी पोरं कामावर आणि कॉलेजला असतात. दोनच आहेत.

पेठेतला_जुना
माझं ऐका. पोराला दहा नंबरला ठेवायला डायमंडच कशाला लागतो? ४-४-२ मधला एक फॉरवर्ड काढा, ह्याला त्याच्या जागी थोडा मागं ठेवा, मागचे चौघं सरळच राहू देत. पोरांना माहितीय तेच. बॉल गेला की चौघांची लाईन, बॉल आला की हा मोकळा. आपल्याकडच्या मॅचमधे लांब बॉल आणि दुसरा बॉल एवढंच असतं, बाजू उघडी टाकून चालत नाही. मी लई टीम बघितल्यात, सरळ चौघांच्या टीमनं घाण गोल कमी खाल्लेत.

वास्को_सहा
हेच बरोबर. सगळ्यात सोपं.

ठाण्याचा_स्टॉपर
+१. मी पहिल्यापासून हेच म्हणतोय, ४-४-२ सोडू नका.

खडकी_कोच
पेठेतले काका म्हणतात ते या परिस्थितीत मलाही पटतं. दोन प्रॅक्टिस असताना मीही तेच करीन. एकच तोटा: दहा नंबर पुढं राहिला की मधे तुमचे परत दोघंच, समोर तिघं असले तर बॉल मिळणार नाही. तेव्हा विंगरपैकी एकाला आत यायला सांगावं लागेल.

मिलानवेडा
मी तरी डायमंडवर ठाम. गातुसोसारखा एक पोरगा असला की सगळं होतं.

रंकाळा_८
सगळ्यांचे आभार. तरीपण मी डायमंड लावतोय. कारण सांगतो. आमचा एक फॉरवर्ड काढला तर गोल कोण मारणार, दोघांची जोडी जमलीय, ती मोडायची नाही. ग्राउंड अरुंद आहे आणि आमच्या गटातल्या टीम मी बघितल्यात, बाजू बदलणारा लांब पास कोणाकडंच धड नाही, स्टॉपर सरळ पुढं मारतात. अशा मॅचमधे दुसरा बॉल मधेच पडतो, तिथं आमचे चौघं असतील.
हळू लेफ्ट बॅकला बसवतोय आणि फास्ट लेफ्ट विंगरला लेफ्ट बॅक करतोय. दोन्ही प्रॅक्टिसमधे फक्त एकच करणार, खडकीवाल्यांनी सांगितलेलं फॉरवर्डचं फाकणं. बाकी काही नवीन नाही. पुढं असू आणि क्रॉस यायला लागले तर शेवटच्या वीस मिनिटांत एक फॉरवर्ड काढून सरळ चौघं करणार, ते पोरांना आधीच येतं.

पेठेतला_जुना
विंगरला बॅक करताय तर उजवीकडून येणाऱ्या क्रॉसला लांबच्या पोस्टवर तो बॉल बघत बसणार आणि त्याच्या मागून त्यांचा विंगर आत येणार. फास्ट असून उपयोग नाही, खांद्यावरून मागं बघायची सवय लागते तिथं.

रंकाळा_८
हे मात्र खरंय काका. प्रॅक्टिसच्या शेवटची पंधरा मिनिटं त्याला वेगळा घेऊन उजवीकडून क्रॉस टाकत राहतो, मागं एक पोरगा उभा करून.

खडकी_कोच
क्रॉस टाकायच्या आधी त्याला उभं राहायचं कसं ते दाखवा. अंग तिरकं, म्हणजे बॉल आणि मागचा माणूस दोन्ही एका नजरेत. आणि त्याच्या बाजूचा धावपळ करणारा कोण असणार? दोघांतला जो बॉल गेल्यावर आधी परत फिरतो तो डावीकडं ठेवा.

रंकाळा_८
जो आधी फिरतो तो उजव्या पायाचा आहे. डावीकडं चालेल का?

मिलानवेडा
सीडॉर्फ पण उजव्या पायाचाच होता!

ठाण्याचा_स्टॉपर
सीडॉर्फच्या मागं माल्दिनी होता.