गोपनीय सुनावणी, एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आणि गेलेली कॅप्शन

दक्षता (मूळ मत): आमच्या चौकशी समितीच्या बैठका झूमवर होतात. मी सेटिंगमध्ये एंड-टू-एंड एन्क्रिप्शन चालू केले आहे, त्यामुळे आता बैठकीतील शब्द बाहेर जाण्याचा मार्गच उरलेला नाही. इतर समित्या एवढे साधे काम का करत नाहीत, हे कळत नाही.

कुलूपकार: ‘मार्गच उरलेला नाही’ हे वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. नेहमीच्या बैठकीतही आवाज आणि चित्र एन्क्रिप्ट होऊनच जाते, पण त्याची किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर तयार होते. त्यामुळे कंपनीला वाटले, तिला कायद्याने भाग पाडले गेले किंवा तिच्यात कोणी घुसले, तर ती किल्ली वापरता येते. एंड-टू-एंडमध्ये किल्ली सहभागींच्या उपकरणांवर तयार होते आणि सर्व्हर बंद पाकिटे पोचवणारा पोस्टमन तेवढा उरतो. हा बदल क्षुल्लक नाही. २०२० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने झूमवर हाच आक्षेप घेतला होता की, जाहिरात एंड-टू-एंडची होती आणि किल्ल्या मात्र कंपनीकडे होत्या. खरी सोय त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आली.

परंतु कोण, कधी, किती वेळ आणि कोणत्या आयपी पत्त्यावरून जोडले गेले, हे सर्व्हरला आजही दिसते, आणि बैठकीचे नावही दिसते. तुम्ही निमंत्रणातच ‘अमुक यांच्याविरुद्धची सुनावणी’ असे लिहिले असेल, तर अर्धी गोपनीयता बैठक सुरू होण्यापूर्वीच संपलेली असते. आणखी एक गोष्ट तपासा. बैठक ठरवताना `Enhanced encryption` आणि `End-to-end encryption` असे दोन पर्याय दिसतात. पहिल्याचे नाव भारदस्त असले, तरी त्यात किल्ली कंपनीकडेच असते. बैठकीच्या पडद्यावरील ढालीच्या चिन्हावर टिकची खूण दिसली तर तो पहिला प्रकार, आणि कुलूप दिसले तरच दुसरा.

दक्षता: कुलूपच दिसते, एवढे मला कळते. आणि क्लाउड रेकॉर्डिंग आपोआप बंद होते, म्हणजे सुनावणीची प्रतच तयार होत नाही. हा फायदा आपण सोयीस्करपणे वगळलात.

कुलूपकार: वगळला, कारण तो अर्धाच खरा आहे. ज्या सर्व्हरला ऐकूच येत नाही, तो रेकॉर्ड करू शकत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. स्वतःच्या संगणकावर रेकॉर्ड करण्याची सोय चालूच राहते. माझ्याच एका चौकशीत अध्यक्षांनी इतिवृत्तासाठी ती वापरली. बैठक संपल्यावर फाइल `Documents` मधील `Zoom` फोल्डरमध्ये, कोणतेही कुलूप नसलेल्या mp4 रूपात पडली. त्यांच्या लॅपटॉपवर `Documents` चा क्लाउड बॅकअप आपोआप होत असे. दोन तास आम्ही जे सर्व्हरपासून लपवले, ते दहा मिनिटांत दुसऱ्या सर्व्हरवर जाऊन बसले, तेही न विचारता. आम्हाला कळले कसे? अध्यक्षांच्या घरातील दुसऱ्या संगणकावर तीच फाइल दिसली.

मंजिरी: तुम्ही दोघे किल्ल्या मोजत बसा, मी काय गमावले ते सांगते. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि उजव्याने अर्धवट, त्यामुळे बैठकीतील थेट कॅप्शन हाच माझा कान आहे. आमच्या समितीने हे एन्क्रिप्शन चालू केले त्या दिवशी कॅप्शनचे बटणच नाहीसे झाले. मी विचारले तर उत्तर आले, ‘सुरक्षेसाठी थोडी गैरसोय सोसावी लागते.’ एका साक्षीदाराने ‘मी तसे म्हणालो नाही’ असे सांगितले आणि मी ते ‘मी तसे म्हणालो’ असे टिपून घेतले. ही गैरसोय नाही, ही चूक आहे आणि ती कुणाच्या तरी आयुष्याला लागते.

दक्षता: आपल्याबद्दल सहानुभूती आहे, पण एका सदस्यासाठी सर्व साक्षीदारांची ओळख पणाला लावावी, असे आपल्याला सुचवायचे आहे काय?

मंजिरी: मी साक्षीदारांना विकायला निघाले आहे, अशा थाटात बोलू नका. ज्या सुनावणीत पंचालाच ऐकू येत नाही, ती कितीही गोपनीय असली तरी ती सुनावणी नव्हे. आणि सहानुभूती तुमच्याकडेच ठेवा.

रानवारा: माझ्या साक्षीदाराला तर आतच येता आले नाही. त्याच्याकडे साधा फोन होता आणि तो नंबर फिरवून जोडला जात असे. आता तो मार्गही बंद आहे आणि ब्राउझरमधूनही येता येत नाही, अॅपच हवे. ही कंपनीची अॅप खपवण्याची युक्ती आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कुलूपकार: रानवारा, फोनचा दोष कंपनीच्या माथी मारू नका. साध्या फोनला किल्ली तयार करता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी वाटेत कोणाला तरी आवाज उघडावा लागतो, आणि तो उघडला की एंड-टू-एंड संपले.

मंजिरीताई, तुमच्या कॅप्शनचे कारणही तेच आहे. झूममध्ये बोलण्याचे अक्षरांत रूपांतर सर्व्हर करतो आणि त्यासाठी त्याला ते ऐकावे लागते. पण ‘सोसावे लागते’ हे उत्तर आळशीपणाचे होते, हे मान्य. विंडोज ११ मधील `Live captions` आवाजाचे रूपांतर तुमच्याच संगणकावर करते, त्यामुळे एन्क्रिप्शनला धक्का लागत नाही. संगणकाच्या स्पीकरमधून जे बाहेर पडते, तेच ते वाचते. मात्र त्यातील भाषा मोजक्याच आहेत आणि कोण बोलले हे ते सांगत नाही, म्हणून तीन जण एकदम बोलू लागले की उपयोग उरत नाही. दुसरा मार्ग म्हणजे गोपनीयतेची हमी लिहून दिलेला टंकलेखक बैठकीत बसवणे. त्याने ऐकलेले शब्द बैठकीच्या चॅटमध्ये टंकावेत. एक कान वाढतो, पण तो कोणाचा हे तुम्हाला ठाऊक असते.

मंजिरी: टंकलेखकाचे पैसे कोण देणार, हे कोणीच सांगत नाही. आणि भाषा मोजक्या असल्या, तर माझी त्यांत आहे की नाही, हे सुनावणीच्या दिवशी कळून काय करू? तरी करून बघते. तुम्ही निदान कारण दिलेत; समितीने तेवढेही केले नाही.

दक्षता: बरे, एकच शंका. सर्व्हर पोस्टमन असेल आणि पोस्टमननेच खोटी किल्ली हाती दिली, तर?

कुलूपकार: हा या धाग्यातील सर्वांत चांगला प्रश्न आहे, आणि तो आपल्याकडून आला याचे आश्चर्य वाटते. त्यासाठीच ढालीवर क्लिक केले की अंकांचा एक लांबलचक सुरक्षा कोड दिसतो. यजमानाने तो मोठ्याने वाचायचा आणि प्रत्येकाने आपल्या पडद्यावरच्या अंकांशी ताडून पाहायचा. मधल्या कोणी किल्ली बदलली असेल तर अंक जुळत नाहीत. यजमान मध्येच बदलला, तर कोड पुन्हा वाचावा लागतो. मी आजवर ज्या सुनावण्यांत बसलो, त्यांत तो एकदाच वाचला गेला, आणि तोही मीच हट्ट धरला म्हणून.

दक्षता: आम्ही तो कधीच वाचला नाही. पुढच्या सुनावणीची पहिली पाच मिनिटे अंकांच्या पारायणाला देतो, म्हणजे आपले समाधान होईल. निमंत्रणातील नाव मात्र मी आजच बदलले आहे.

मंजिरी: अंक वाचताना जरा सावकाश वाचा. कॅप्शन नसतील.