ट्रेंड्स बघून व्हिडिओ करायचा म्हणजे कायम सुटलेल्या गाडीमागे पळायचं का?

गॅरेजवाला:
माझा गाड्यांचा छोटा चॅनल आहे. २०२५ च्या मार्चमध्ये गूगल ट्रेंड्सवर एचएसआरपी, म्हणजे जुन्या गाड्यांना सक्तीची केलेली हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, टाकून बघितलं तर आलेख नुसता उभा चढलेला आणि खाली Breakout लिहिलेलं. म्हटलं हीच वेळ, गॅरेज सांभाळून तीन दिवसांत व्हिडिओ केला, फी किती, बुकिंग कसं, सगळं. टाकला तर त्याच विषयाचे व्हिडिओ ढिगाने पडलेले आणि माझा कुठेच नाही. मग ट्रेंड्स बघण्यात अर्थ काय? विषय चढतोय हे आधी कळतं का कुणाला, की सगळे चढल्यावरच बघतात?

उगाचच:
काही अर्थ नाही, वेळ घालवू नका. यूट्यूबवर व्ह्यूज सर्चमधून येतच नाहीत, होम पेज आणि बाजूच्या सजेस्टेडमधून येतात. थंबनेल चांगला करा.

आलेखवेडी:
उगाचच, तुमचं म्हणणं गप्पांच्या किंवा करमणुकीच्या चॅनलला लागू आहे. 'बुकिंग कसं करायचं' हे माणूस शोधूनच बघतो, होम पेजवर दिसलं म्हणून नंबर प्लेटचा व्हिडिओ कोण लावतं? दादांनी यूट्यूब स्टुडिओत ट्रॅफिक सोर्स उघडून बघावं, यांच्या चॅनलवर सर्चचा वाटा किती ते तिथेच दिसेल.

गॅरेजवाला दादा, तुम्ही बघितलं ते चुकीच्या ठिकाणी. ट्रेंड्स उघडलं की आधी Web Search असतं, म्हणजे गूगलवर काय शोधतायत ते. ते बदलून YouTube Search करावं लागतं आणि प्रदेश भारत न ठेवता महाराष्ट्र. एचएसआरपीला तर हे हवंच, कारण बाकी राज्यांच्या तारखा वेगळ्या.

दुसरं, तो १०० चा आकडा म्हणजे शंभर लोक नव्हेत. तुम्ही निवडलेल्या काळातला सगळ्यात उंच क्षण म्हणजे १००. सात दिवसांचा आलेख काढला तर त्या आठवड्यातलाच कुठला तरी क्षण १०० होतो, मग शोधणारे मूठभर असोत की लाखभर. म्हणून मी शेजारी driving licence टाकून बघते. तो शब्द वर्षभर बऱ्यापैकी सपाट चालतो, त्याच्या तुलनेत आपला विषय किती उंच आहे ते कळतं. Breakout चंही तसंच आहे, आधीच्या काळापेक्षा ५००० टक्क्यांहून जास्त वाढ झाली की तो शब्द दिसतो. पण मुळात शोध अगदी थोडे असतील तर एवढी वाढ व्हायला फार काही लागत नाही.

आणि तिसरं म्हणजे वेळ. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना पहिली मुदत ३१ मार्च २०२५ होती ना? मार्चमध्ये आलेख उभा दिसणारच. तुम्ही शिखर बघून कॅमेरा काढलात.

कडबोळी:
आमचं वेगळं आहे, सासूबाई आणि मी मिळून रेसिपीचा चॅनल चालवतो. उकडीच्या मोदकाला पाच वर्षांचा आलेख काढला की दरवर्षी एक सुळका दिसतो, त्यामुळे कधी टाकायचं ते नक्की कळतं. पण एकदा फसलो. २०२३ ला अधिक श्रावण होता म्हणून गणपती १९ सप्टेंबरला होते, आम्ही तोच आठवडा मनात धरून बसलो आणि २०२४ ला चतुर्थी आली ७ सप्टेंबरला. व्हिडिओ गेला तेव्हा लोकांचे मोदक खाऊन झाले होते! आता आधी कालनिर्णय बघायचं आणि चतुर्थीच्या तीन आठवडे आधी टाकायचं. २०२६ ला परत अधिक मास आहे, चतुर्थी १४ सप्टेंबरला.

नवखा_पाहुणा:
पण ट्रेंडिंग पेजवर यायला कुठले हॅशटॅग लावायचे ते सांगा ना कुणीतरी

आलेखवेडी:
अरे ते पेज यूट्यूबने २०२५ च्या जुलैमध्येच बंद केलं, आणि इथे विषय शोधाचा चाललाय.

कडबोळीताई, तुम्ही नकळत मुद्द्याचं बोललात. तारीख आधी माहीत असलेला विषय आणि अचानक उठलेला विषय, यात एचएसआरपी पहिल्या जातीचा. मुदत ३१ मार्चची ३० एप्रिल झाली, मग ३० जून, मग १५ ऑगस्ट, पुढे नोव्हेंबर, डिसेंबर. तारीख जवळ आली की लोक शोधणार आणि वाढली की सुस्तावणार. म्हणजे मार्चची संधी गेली तरी जूनची लाट कधी येणार हे एप्रिलमध्येच सांगता येत होतं.

पण तोच व्हिडिओ परत करायचा नाही. ट्रेंड्सवर खाली Related queries असतात, तिथे Top सोडून Rising बघायचं, ३० किंवा ९० दिवसांवर ठेवून. पहिल्या लाटेत सगळे 'फी किती' आणि 'बुकिंग कसं' विचारतात आणि तिथेच गर्दी होते. ज्यांनी बुकिंग केलं त्यांचे प्रश्न नंतर येतात. तारीख मिळत नाही, तारीख बदलायची कशी, आरसीवरचा चेसिस नंबर जुळत नाही, गाडी साताऱ्याची पण माणूस पुण्यात. Rising मध्ये असं काही दिसलं की तोच शब्द यूट्यूबवर टाकायचा, फिल्टर लावून आठवडाभरातले अपलोड बघायचे. पहिल्या पानावर नेमक्या त्या प्रश्नाचा व्हिडिओ नसेल तर जागा मोकळी आहे. नुसता चढता आलेख बघून उडी मारणाऱ्यांना हे दुसरं बघायचं सुचत नाही.

जुना_संपादक:
मला ही घाईच पटत नाही. तारीख टाकून व्हिडिओ केला, आठवड्यात मुदत वाढली, व्हिडिओ खोटा पडला. शिवाय एचएसआरपीच्या नावाने बनावट साइट्स निघाल्या होत्या, घाईत एखाद्याने चुकीची लिंक दिली तर पैसे बघणाऱ्याचे जाणार. आधी येण्यापेक्षा बरोबर असणं महत्त्वाचं.

आलेखवेडी:
लिंकचं शंभर टक्के मान्य, परिवहन विभागाच्या साइटवरूनच आत जाऊन दाखवायचं. तारखेला उपाय आहे, ती बोलायचीच नाही, शीर्षकातही नको. वर्णनात आणि पिन केलेल्या कमेंटमध्ये टाकायची, ते बदलता येतं. व्हिडिओत बोललेलं बदलता येत नाही.

उगाचच:
बरं, सर्चमधून येतात हे धरून चालू. पण आधी टाकला म्हणून वर राहतो याला पुरावा काय? मोठा चॅनल दोन दिवसांनी येतो आणि वर जाऊन बसतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आलेखवेडी:
होतं तसं, नाही म्हणत नाही. मोठ्यांनी तोच प्रश्न घेतला तर लहान चॅनल खाली जातोच. म्हणून तर बारका प्रश्न घ्यायचा, त्यांना तेवढ्यासाठी व्हिडिओ करणं परवडत नाही. नुसतं आधी आल्याचा फायदा किती, ते मला पक्कं सांगता येणार नाही.

गॅरेजवाला:
आत्ता बसून बघितलं. माझ्याकडे गिऱ्हाईक रोज विचारतं की प्लेट बसवली पण मागची स्नॅप लॉक तुटली, आता काय. ट्रेंड्सवर टाकलं तर सरळ रेघ, शून्य. म्हणजे कुणी शोधत नाही?

आलेखवेडी:
शून्य म्हणजे दाखवण्याइतका डेटा नाही, एवढंच. यूट्यूबच्या सर्चमध्ये hsrp lock एवढंच टाईप करून थांबा, खाली काय सुचवतंय बघा. देवनागरीतही करून बघा, बोलून शोधणाऱ्यांचं तिकडे येतं, आणि ट्रेंड्स या दोन लिप्या वेगवेगळ्या मोजतं.

गॅरेजवाला:
सुचवतंय की! इंग्रजी अक्षरात 'तुटलं तर' छापाचं दोनदा आलं, मराठीत काहीच नाही. व्हिडिओ बघितले तर सगळे हिंदीत आणि दुसऱ्या राज्यांचे.

उगाचच:
करा मग. पण थंबनेलवर तुटलेलं लॉक मोठं दाखवा, एवढं तरी ऐका.