पत्र्याचा कूलर चक्रीय आणि प्लास्टिकचा रेषीय, असे म्हणता येईल का?

मृणाल (धरमपेठ): शाश्वततेवरील निबंधात चक्रीय आणि रेषीय अर्थव्यवस्थेची तुलना उत्पादनरचनेच्या उदाहरणासह करायची आहे. सगळीकडे परदेशी फोनचेच उदाहरण दिलेले असते, म्हणून मी आपला नागपुरी कूलर निवडला. माझे मत असे की पत्र्याचा कूलर दुरुस्त होतो आणि शेवटी भंगारात विकला जातो, त्यामुळे तो चक्रीय ठरतो. प्लास्टिकचा कूलर मात्र वापरा आणि फेका या वळणाचा आहे. हे कितपत टिकेल?

सुधाकर (इतवारी, कूलरविक्री): माझा अनुभव उलट आहे. आपल्याकडच्या जड पाण्याने पत्र्याची टाकी काही उन्हाळ्यांतच गळू लागते, प्लास्टिक मात्र गंजत नाही. जी वस्तू गंजत नाही ती अधिक टिकते आणि जी अधिक टिकते तीच पर्यावरणाला बरी, इतका हा सरळ हिशेब आहे. शिवाय मे महिन्यात मिस्त्री मिळत नाही. घरात लहान मूल असलेला माणूस दुरुस्तीची वाट पाहत बसत नाही, तो नवा कूलर घेऊन जातो. तुमच्या निबंधातला ग्राहक माझ्या दुकानात तरी मला दिसलेला नाही.

विनायक (उत्पादनरचनेचे अध्यापन): सुधाकरभाऊंचे गंजाबद्दलचे निरीक्षण बरोबर आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष अर्धाच आहे. पाण्याची वाफ होते आणि क्षार टाकीतच उरतात, त्यामुळे पाणी दिवसेंदिवस अधिक खारट होत जाते आणि पत्र्यावरील जस्ताचा थर खाल्ला जातो. आधी पांढरी भुकटी दिसते, तेव्हा जस्तच झिजत असते. तांबूस ठिपके दिसू लागले की खालचे लोखंड उघडे पडले असे समजावे. पांढरी भुकटी असतानाच टाकी घासून, वाळवून आतून डांबरी रंग दिला आणि दर काही दिवसांनी साचलेले पाणी पूर्ण सोडून दिले, तर तळ पुष्कळ टिकतो. तरीही तो गेलाच, तर केवळ तळाचा पत्रा कापून नवा बसवता येतो, कारण कूलरचे भाग नट-बोल्ट आणि रिव्हेटने जोडलेले असतात.

प्लास्टिकचा कूलर खिडकीबाहेर उन्हात ठेवला, की काही वर्षांत त्याचे अंग ठिसूळ होते आणि त्याला तडे जातात. टाकी आणि अंग एकाच साच्यातून निघालेले असेल, तर तडा कोपऱ्यात गेला तरी बदलावे लागते ते संपूर्ण अंग. वस्तू किती वर्षे चालते एवढेच पाहू नये. ती बिघडते तेव्हा तिच्यासोबत आणखी किती गोष्टी निरुपयोगी होतात, तेही पाहावे. मृणाल, निबंधाचा गाभा तुम्ही इथे शोधावा असे मला वाटते.

मात्र तुमचे विधान आहे तसे मी मान्य करणार नाही, कारण त्यातून वीज सुटली आहे. समजा, जुन्या कूलरची मोटर २०० वॅटची आहे आणि ती ९० दिवस रोज १० तास चालते. म्हणजे एका उन्हाळ्यात १८० युनिट वीज लागली. तेवढाच वारा देणारी बीएलडीसी मोटर १०० वॅटमध्ये चालली, तर ९० युनिट वाचतात आणि आपल्या देशातील विजेच्या सरासरीने सुमारे ६३ किलो कार्बन डायऑक्साइड टळतो. आता अंगाकडे पाहा. त्यात २० किलो पत्रा धरला आणि भारतात एक किलो पोलादामागे अडीच किलोच्या आसपास उत्सर्जन मानले, तर संपूर्ण अंग वाचवून सुमारे ५० किलोच टळतात, आणि तेही एकदाच. म्हणजे जुनी मोटर पुन्हा पुन्हा वाइंडिंग करून चालवत राहणे दिसायला चक्रीय असले, तरी हिशेबात तोट्याचे ठरू शकते. अंग ठेवावे आणि मोटर बदलावी, हे इथले योग्य उत्तर आहे. आणि ते शक्य होते ते मोटर लोखंडी पट्ट्यांवर चार बोल्टांनी बसवलेली असते म्हणून. अनेक प्लास्टिक कूलरांत मोटरची बैठक त्याच मॉडेलच्या मोटरपुरती घडवलेली असते आणि तिथे दुसरी मोटर बसतच नाही.

शीतल (मनीषनगर): आमच्या पत्र्याच्या कूलरची टाकी एका कोपऱ्यातून ठिबकते आहे. मग आम्ही आता प्लास्टिकचाच घ्यावा का? आणि वुडवूलऐवजी हनीकोंब जाळी बसवली तर चालेल का? निबंधासाठी सांगायचे तर वुडवूल कुजते, म्हणजे तीच चक्रीय झाली ना?

विनायक: शीतलताई, एका कोपऱ्याच्या गळतीसाठी कूलर टाकू नका, टाकी कोरडी करून तेवढे सांधकाम करून घ्या. वुडवूल कुजते हे खरे, परंतु ती साधारणतः दरवर्षी बदलावी लागते आणि बहुतेकदा प्लास्टिकच्या पिशवीत भरून कचऱ्यात जाते. तिथे तिच्या कुजण्याचा मातीला काहीच उपयोग होत नाही. हनीकोंब अनेक हंगाम चालते, परंतु तिचा कागद राळेने कडक केलेला असल्यामुळे त्याचा पुन्हा कागद होत नाही. या दोघींत कोण बरी, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

सुधाकर: सर, मोटरचा हिशेब पटला. पण भंगाराचे काय? प्लास्टिकही कबाडी घेतोच की.

विनायक: घेतो, परंतु निरनिराळी प्लास्टिके एकत्र वितळली, की त्यांतून पुन्हा कूलरचे अंग निघत नाही, हलक्या दर्जाचे काहीतरी निघते. लोखंडही निर्दोष नाही. मोटरीतील तांबे पत्र्यासोबत भट्टीत गेले, तर ते पोलादातून बाहेर काढता येत नाही आणि असे पोलाद गरम असताना लाटले की त्याच्या पृष्ठभागावर भेगा पडतात. आपला कबाडी तांब्याच्या भावासाठी मोटर आधी हाताने सोडवतो, हा या साखळीतील मोठा उपकारच आहे. स्वस्त मोटरींत हल्ली ॲल्युमिनियमची तार असते. ती पुन्हा गुंडाळणे दुकानदाराला परवडत नाही, म्हणून ती मोटर एका बिघाडातच संपते. बाहेरून दोन्ही मोटरी सारख्याच दिसतात. खरेदी करताना ‘तार तांब्याची आहे का’ असे विचारून बिलावर लिहून घ्यावे.

रफीक (मानेवाडा, कूलर भाड्याने): वस्तू विकू नये, भाड्याने द्यावी, म्हणजे बनवणाऱ्याला ती टिकवण्यात रस राहतो, असे चक्रीय अर्थव्यवस्थेबद्दल वाचले. मी तेच करतो. विद्यार्थ्यांच्या खोल्यांवर पत्र्याचे कूलर देतो आणि हंगाम संपला की परत आणून तळाला डांबर मारतो, पंप व कंडेन्सर तपासतो. माझे अंग टिकते, कारण दुरुस्तीचा पैसा माझा जातो. पण बीएलडीसी मोटर मी का बसवू? खर्च माझा, विजेची बचत भाडेकरूची.

मृणाल: म्हणजे भाडेपद्धतीत पत्रा वाचतो आणि वीज वाचत नाही, असे लिहू का?

विनायक: तसे लिहा, परंतु तो भाडेपद्धतीचा अटळ दोष म्हणून लिहू नका. भाडे थोडे वाढवून मोटर बदलली, तर वाचलेल्या ९० युनिटच्या बिलातून ती वाढ भाडेकरूला परवडू शकते.

रफीक: कागदावर परवडते, सर. पण मुले मार्चमध्ये दहा ठिकाणी भाव विचारतात आणि पन्नास रुपये कमी असेल तिथून कूलर नेतात. बिल जूनमध्ये येते, आणि पुष्कळ खोल्यांत वीज भाड्यातच धरलेली असते, म्हणजे बचत घरमालकाची. त्याच्याशी बोलणी कोण करणार?