मदत हवी आहे: स्कूटर उठताना थरथरते आणि सिग्नलला ब्रेक सोडला की आपोआप पुढे सरकते

सिंहगड_रोडकर

नमस्कार मंडळी. गाडी २०१८ ची ११० सीसी गिअरलेस, कार्ब्युरेटरवाली. ४१ हजार किमी झाले आहेत. रोजचा वापर धायरी ते स्वारगेट, म्हणजे सगळा थांबत-थांबत चालणारा ट्रॅफिक.

थांबलेल्या गाडीला हळूच रेस दिली की मागचा भाग थरथरतो. हँडल आणि फूटबोर्डपर्यंत जाणवतं. साधारण १५ च्या स्पीडला गेली की एकदम गुळगुळीत चालते. वडील मागे बसलेले असले किंवा चढ असला की थरथर जास्त. सोबत उठताना 'चींऽ' असा बारीक आवाज येतो.

गॅरेजवाल्याने बेल्ट आणि रोलर बदलले. थोडे दिवस बरं वाटलं, मग थरथर पहिल्यापेक्षा वाढली. मध्येच गाडी सिग्नलला बंद पडायला लागली म्हणून त्याने आयडलिंग वाढवून दिलं. तेव्हापासून ब्रेक सोडला की गाडी स्वतःहून पुढे ओढते. परवा आई पार्किंगमध्ये गाडी काढताना समोरच्या भिंतीकडे गेली, म्हणून आता हे निस्तरायचंच आहे. गॅरेजवाला म्हणतो अख्खा क्लच सेट आणि बेल नवी टाका. खरंच सगळं लागेल का, की आधी काही तपासता येईल?

रोलरमास्टर_सोलापूर

भाऊ, रोलर डुप्लिकेट टाकले असणार. डुप्लिकेट रोलर लवकर चपटे होतात आणि गाडी झटके देते. ओरिजिनल टाका, थरथर बंद होईल. माझ्या गाडीचं असंच झालं होतं.

वसंतकाका_कोल्हापूर

रोलर चपटे झाले की झटका बसतो हे खरं आहे, पण तो चालत्या गाडीत, स्पीड वाढताना. इथे थरथर शून्यापासून १५ पर्यंतच आहे आणि नंतर पूर्ण जाते. तेवढ्याच वेळात क्लच शू मागच्या चाकाला जोडलेल्या बेलला घासत-घासत पकडतात. एकदा पकड पूर्ण बसली की शू आणि बेल एकत्र फिरतात, मग थरथरायला काही उरत नाही. त्यामुळे मी आधी शू आणि बेलकडेच बघेन.

सिंहगडकर, तुमच्याकडे दोन तक्रारी आहेत आणि त्या एकमेकांना वाढवतायत. मागची पुली इंजिन चालू असेपर्यंत फिरतच असते आणि तिच्यावरचे तीन शूसुद्धा. त्यांना आत धरून ठेवतात त्या तीन बारीक स्प्रिंगा. आयडलिंगला शू बेलला शिवायला नकोत. तुमच्या मेस्तरीने आयडलिंग वाढवलं, त्यामुळे शू थोडे बाहेर येऊन बेलला टेकतात. तुम्ही सिग्नलला ब्रेक धरून उभे, बेल थांबलेली, आणि आत शू तिच्यावर घासत राहतात, अख्खा लाल सिग्नल संपेपर्यंत. त्या उष्णतेने शूंवरच्या लायनरवर काचेसारखी चमक येते, बेलवर निळे डाग पडतात. चमकलेला लायनर नीट पकडत नाही, धरतो-सोडतो, धरतो-सोडतो. त्यालाच तुम्ही थरथर म्हणताय, आणि तो 'चीं' आवाजही बहुतेक त्याचाच.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी आयडलिंग मूळ जागी आणा, या गाड्यांना १७०० आरपीएमच्या आसपास असतं. इंजिन चांगलं गरम झाल्यावरच लावा. त्यावर गाडी बंद पडत असेल तर तो दोष कार्ब्युरेटरचा किंवा एअर फिल्टरचा आहे, पायलट जेट साफ करून घ्या. स्क्रू पिळून तो झाकायचा नाही. आयडलिंग बरोबर असूनही गाडी सरकली तरच स्प्रिंगा सैल झाल्या किंवा शू बाहेर अडकला असं समजायचं.

अनुजा_ठाणे

काका, मग माझाही क्लच गेला का? माझी बीएस-६ इंजेक्शनवाली आहे, दोनच वर्षांची. मेन स्टँडवर लावून सुरू केली की मागचं चाक आपोआप फिरतं. सकाळी तर जोरात फिरतं.

वसंतकाका_कोल्हापूर

अनुजाताई, घाबरू नका. स्टँडवर चाकावर काही भार नसतो, आतल्या बेअरिंगच्या ओढीनेसुद्धा ते फिरतं. इंजिन गरम झाल्यावर मागचा ब्रेक हलकेच दाबून चाक थांबवा आणि सोडा. थांबलेलंच राहिलं किंवा अगदी रेंगाळत फिरलं तर काही नाही. लगेच जोर धरून फिरायला लागलं, किंवा सपाट रस्त्यावर तुम्ही बसलेल्या असताना गाडी पुढे जायला लागली, तर दाखवा. सकाळी थंड इंजिन काही वेळ मुद्दाम जास्त आरपीएमवर चालतं, त्या वेळचं बघून काही ठरवू नका. आणि फिरत्या चाकाला पाय लावून थांबवायला जाऊ नका.

सिंहगड_रोडकर

काका, खूप आभार. दुसऱ्या गॅरेजमध्ये पायलट जेट साफ करून आयडलिंग खाली आणलं. गाडी बंद पडत नाही आणि सरकणंही थांबलं. आई निर्धास्त झाली. थरथर मात्र तशीच.

मग समोर उभं राहून कव्हर उघडून घेतलं. बेलच्या आत दोन ठिकाणी निळसर डाग आहेत, आणि मधल्या भागाकडून कडेकडे गेलेल्या तपकिरी रेघा आहेत. तीनपैकी दोन शू चकाकतायत, तिसरा मळकट-काळा आणि त्याचा लायनर बाकीच्या दोघांपेक्षा जाड दिसतो. स्प्रिंगा तुटलेल्या नाहीत. फोटो टाकला आहे.

वसंतकाका_कोल्हापूर

फोटो चांगला आलाय, त्यात सगळं दिसतंय.

तिसरा शू मळकट आणि जाड, म्हणजे तो बेलला पुरेसा लागतच नाही. त्याला बोटाने बाहेर ओढून बघायला सांगा. पिनेवर जाम झालेला असेल, बाकीच्या दोघांइतका सहज येणार नाही. आपल्याकडे पावसाळ्यात पाणी आणि लायनरची भुकटी पिनेवर बसून गंज धरतो. मग दोन शू पकडतात, तिसरा मागे राहतो, भार एका बाजूला येतो. नुसत्या या एका गोष्टीनेही गाडी थरथरते.

तपकिरी रेघा ग्रीसच्या आहेत. बोटावर घेऊन बघा. घट्ट, चिकट असेल तर पुलीच्या आतलं ग्रीस. पातळ आणि वासाला उग्र असेल तर मागचं गिअर ऑइल, मग सील बदलावंच लागेल. तुमची थरथर बेल्ट बदलल्यानंतर वाढली, त्यामुळे मला पहिली शक्यता जास्त वाटते. पुली उघडली की काही मेस्तरी आत ग्रीस ठासून भरतात, पुली फिरायला लागली की जास्तीचं ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि थेट शूंवर येतं.

सिंहगड_रोडकर

तिसरा शू खरंच जाम होता! स्क्रू ड्रायव्हरने ढकलावा लागला. ग्रीस घट्टच आहे. आता नेमकं काय करून घेऊ? लायनर सगळ्यात पातळ जागी साधारण ३ मिमी आहे.

वसंतकाका_कोल्हापूर

३ मिमी असेल तर शू फेकायची गरज नाही, २ च्या जवळ गेले की बदलायचे. शू उतरवून पिना साफ करा आणि त्यांना उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा नुसता हात फिरवा, पुसून उरेल तेवढाच. शू आणि बेलचा आतला भाग ८० किंवा १०० नंबरच्या पॉलिश पेपरने तिरका घासा. चमक जाऊन सगळीकडे एकसारखा मळकट रंग आला पाहिजे. प्रत्येक शूची जी कड आधी बेलला लागते तिचा धारदार कोपरा थोडा मोडा, आवाजाला त्याने फरक पडतो. मग बेल ब्रेक क्लीनरने धुवा. पेट्रोलने धुतली तर तेलकट थर मागे राहू शकतो.

लायनरची भुकटी हवेच्या पाइपने उडवू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला मास्क लावा. गॅरेजवाल्यालाही सांगा, ती छातीत जाते.

तिन्ही स्प्रिंगा मात्र नव्या टाका. इतके दिवस उष्णता खाल्ली आहे, आणि बदलायच्या तर तिन्ही एकदम, एकसारख्याच. कडक स्प्रिंगा टाका असं कोणी सुचवेल, तर नको. त्या पकड उशिरा देतात, शू जास्त वेळ घासतात आणि बेल पुन्हा निळी पडते. आणि पुलीमागचा मोठा नट घरी उघडायला जाऊ नका, त्याच्याखाली दाबलेली स्प्रिंग आहे, नट सुटताच उसळून तोंडावर येऊ शकते.

चिंचवड_टर्नर

बेलवर निळे डाग आहेत तर लेथवर हलका हात मारून का घेत नाही? आम्ही बऱ्याच केल्या आहेत. नव्या बेलचे पैसे वाचतात.

वसंतकाका_कोल्हापूर

तुम्ही कसे धरता त्यावर आहे. पातळ बेल तीन जबड्यांच्या चकमध्ये आवळली तर ती दबते, त्याच स्थितीत कापली जाते, आणि सोडली की तीन कोपऱ्यांची होते. मग थरथर लावूनच आणली म्हणायची. मधल्या स्प्लाइनवर मँड्रेल घालून धरली तर गोष्ट वेगळी. शिवाय माझ्याकडच्या ११० च्या पुस्तकात नवी बेल आतून १२५ मिमी आणि मर्यादा १२५.५. आधीच झिजलेली असेल तर कापायला फार काही उरत नाही.

चिंचवड_टर्नर

मँड्रेलवरच धरतो, काका. चकवर धरणारे आहेत हे मान्य. पण निळा डाग कडक झालेला असतो, तिथे टूल उडतं, हेही खरं. ०.२ मिमीच्या आत सगळा डाग जात नसेल तर मी स्वतः गिऱ्हाइकाला नवी घ्या सांगतो.

सिंहगड_रोडकर

काम करून घेतलं. शू घासले, पिना मोकळ्या झाल्या, पुलीतलं जास्तीचं ग्रीस काढलं, स्प्रिंगा तिन्ही नव्या. बेल तीच ठेवली आहे, घासून. 'चीं' आवाज पूर्ण गेला. मी एकटा असलो तर थरथर नाही. वडील मागे असताना नवले पुलाकडच्या चढाला, ट्रॅफिकमध्ये गाडी तापल्यावर, अजून थोडी जाणवते. पूर्वीच्या मानाने फारच कमी.

रोलरमास्टर_सोलापूर

इंजिनचे हँगर बुशही बघा. माझ्या मित्राच्या गाडीत सगळा क्लच बदलला आणि शेवटी बुश फाटलेला निघाला.

वसंतकाका_कोल्हापूर

बरोबर सांगितलंत, ते बघायलाच हवं. मेन स्टँडवर मागचं चाक धरून इंजिन वर-खाली आणि बाजूला हलवा, बुशमध्ये खळखळ किंवा जास्त मोकळीक आहे का बघा.

बुश ठीक असतील तर दोन-तीनशे किमी चालवा, घासलेल्या लायनरला बेलवर नीट बसायला वेळ लागतो. तापल्यावरची थरथर तरीही राहिली, तर माझा संशय निळ्या डागांवर. पुढच्या वेळी उघडाल तेव्हा बेलचा आतला व्यास व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजून घ्या, एक डागावर आणि दोन डागापासून दूर. आकडे जुळले नाहीत तर नवी बेल घ्या, शू हेच चालतील. आकडे जुळूनही थरथर असेल तर इथे लिहा, कारण मग लायनरमध्ये ग्रीस मुरलंय का ते बघावं लागेल, आणि ते घासून जात नाही.

सिंहगड_रोडकर

बुश आज संध्याकाळीच बघतो. व्हर्नियर कोणाकडून तरी मागून आणतो आणि बेलचे आकडे इथे टाकतो. टर्नरसाहेब, मापात बसत असेल तर तुमचं वर्कशॉप कुठे आहे ते व्यनि कराल का?

अनुजा_ठाणे

काका, ब्रेक लावून बघितलं. गरम झाल्यावर चाक थांबलेलंच राहतं. पण सकाळी सुरू केल्या केल्या गाडी सपाट रस्त्यावरही थोडी पुढे जाते, साधारण मिनिटभर. ते सोडून द्यायचं का?

वसंतकाका_कोल्हापूर

मिनिटभरच आणि थंड असतानाच असेल तर सोडा. तेवढा वेळ मेन स्टँडवर उभी ठेवा, चाक खाली टेकवू नका. गरम झाल्यावरही सरकायला लागली तर सर्व्हिस सेंटरला आयडलिंग मशीनवर बघायला सांगा, तुमच्या गाडीत ते कॉम्प्युटर सांभाळतो, बाहेरच्या मेस्तरीला स्क्रू शोधू देऊ नका.