ट्री सॉर्ट स्टेबल नसतंच का? शफल केलं की क्रम जातो, नाही केलं की प्रोग्राम बसतो

पन्हाळा_रोड: मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी गुळाच्या सौद्यांची यादी दराप्रमाणे लावायचीय. दर सारखा असेल तर ज्याचा माल आधी आला त्याचं नाव आधी. ट्री सॉर्ट लिहिलं, 500 नोंदींना चाललं. मग दराप्रमाणे आधीच लावलेली 2000 नोंदींची जुनी यादी टाकून बघितली तर RecursionError. टाकायच्या आधी शफल केली तर पळतंय, पण सारख्या दरातला क्रम विस्कटतोय. ट्री सॉर्ट स्टेबल नसतंच का?

दसरा_चौक: नसतंच भावा. कॉलेजात आम्हाला हेच सांगितलेलं, हीप केलं की सारख्या किमती पुढंमागं होतात.

गंगावेश_77: ते हीप सॉर्ट झालं, ह्यांचं सर्च ट्री आहे, दोन्ही वेगळं. पण उत्तर तेच. ट्री बॅलन्स करायला गेलास की रोटेशनमध्ये खालची नोड वर येते, क्रम तिथंच गेला. म्हणजे एकतर वेळ सांभाळ नाहीतर स्टेबिलिटी.

शाहूपुरी_तालीम: गंगावेश, वेळेचं बरोबर, रोटेशनचं चूक. टोकन 1, 3 आणि 6, तिघांचा दर 4100 धर. सारखा दर उजवीकडं टाकायचा हा नियम असेल तर 1 च्या उजवीला 3, त्याच्या उजवीला 6, अशी सरळ शेपटी होते. आता रोटेशन कर. 3 वर आला, 1 त्याच्या डावीला गेला, 6 उजवीलाच राहिला. डावीकडून वाचत ये, 1, 3, 6 असंच येतंय ना? रोटेशननं झाडाची उंची बदलते, वाचायचा क्रम बदलत नाही. पुढं 4100 चाच टोकन 7 आला तर तो 3 च्या उजवीला, मग 6 च्या उजवीला, म्हणजे शेवटीच बसणार. फक्त एक ध्यानात ठेव, रोटेशननंतर सारखा दर डावीलाही असू शकतो, म्हणून एखादी नोंद शोधताना किंवा काढताना फक्त उजवीकडं बघून चालत नाही.

पन्हाळा, तुझा क्रम झाडानं नाही, शफलनं घालवला. झाडाला आधी कोण आलं हे आत टाकायच्या क्रमावरूनच कळतं आणि तोच तू पिसून टाकलास. शफल न करता लावलेली यादी टाकली की प्रत्येक नोंद मागच्याच्या उजवीला, 2000 नोडची एकच शेपटी. पायथॉनची रिकर्शनची मर्यादा मुळात 1000 असते, म्हणून 500 ला चाललं आणि 2000 ला पडलं. मर्यादा वाढवून एरर जाईल पण तुलना 19,99,000 होणारच, तेवढ्याच वेगवेगळ्या किमती विस्कटून आल्या तर सरासरी 25 हजारांच्या आसपास भागतं.

पन्हाळा_रोड: मग इथं `<=` आहे त्याचं काय? सारखं डावीला जातंय.

```python
if rate <= node.rate:
    node.left = insert(node.left, rate, token)
```

शाहूपुरी_तालीम: हां, मग शफल काढलास तरी सारख्या दराचे टोकन उलटे येतील, 6, 3, 1. `<` कर. पण तुझ्या कामात मी वेगळंच करीन. गुळाच्या सौद्यात दर तेच तेच येतात, 2000 नोंदींत वेगळे दर 40 असतील तर झाडात नोड 40 च ठेव आणि प्रत्येक नोडवर त्या दराच्या टोकनांची रांग, नवीन टोकन मागं जोडायचा. यादी कशीही आली तरी शेपटी 40 च्या पुढं जात नाही, बॅलन्सिंगची कटकट नाही, शफल लागतच नाही. आणि सगळ्यांचा दर एकच असेल तेव्हा शफल करूनही काही उपयोग नसतो, सारखे सगळे एकाच बाजूला जातात.

मिरजकर_टाई: मी वर्षभरापूर्वी जावात TreeMap वापरून असंच काहीतरी केलेलं, सारख्या मार्कांची पोरं यादीतून गायबच झाली, दोन दिवस शोधत होते. दर की म्हणून टाकला की नवा जुन्यावर बसतो, तुमच्या रांगेची आयडिया तेव्हा सुचायला पायजे होती.

गंगावेश_77: रोटेशनचं पटलं, कागदावर काढून बघितलं. पण तरी मी म्हणतो झाड कशाला? `sorted` स्टेबल आहे, आधीच लावलेली यादी तर ते सरळ एकदा वाचून सोडतंय. एका ओळीत काम संपतंय.

शाहूपुरी_तालीम: यादी संध्याकाळी एकदाच लावायची असेल तर तुझंच बरोबर, मी पण तेच वापरीन. पण सौदे सुरू असताना दर नोंदीनंतर लावलेली यादी दिसायला पायजे असेल तर झाड कामाचं.

गंगावेश_77: त्यालाही `bisect.insort` आहे की, सारखं असेल तर शेवटीच घालतं. आत घालताना पुढचे सरकवायला लागतात खरं, पण 2000 ला ते जाणवत पण नाही.

शाहूपुरी_तालीम: 2000 ला नाही जाणवत, मान्य. मधनंच नोंदी रद्द होणार असतील तर रांगवालं झाड मला सोपं वाटतं, दर सापडला की त्याच रांगेतनं टोकन काढायचा. पन्हाळा, सौदा रद्द होतो का तुमच्यात?

पन्हाळा_रोड: दुकानात विचारून सांगतो. `<` केलं, शफल काढलं, रांग जोडली, 2000 ची जुनी यादी आता पडत नाही आणि 4100 चे टोकन आलेल्या क्रमानंच येताहेत.